सोयाबीनचा हमीभाव, पेरा आणि पदरात पडणारा पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूर भागात एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी हमीभाव खरेदीच्या टेबलावर बसतो. नोंदणी, मेसेज, काटा, पावती अशी सगळी कामं अंगावर असतात. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत तेच तेच प्रश्न येतात. काही भांडणाच्या सुरात येतात, काही चहाच्या टपरीवर हळूच विचारले जातात. त्यांतले नेमाने येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक २०२४च्या हंगामातली आहेत, कारण हमीभाव आणि बाजारभाव यांतली दरी त्या वर्षी फार उघडी पडली.

हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता. मग माझं सोयाबीन ४,१००ला का गेलं?

कारण हमीभाव हा बाजाराचा भाव नाही. त्या भावाने सरकारी यंत्रणा तुमचा माल घ्यायला तयार असते, एवढाच त्याचा अर्थ. आडतीत बोली लावणाऱ्या व्यापाऱ्यावर तो बांधील नाही. सरकार बाजारात उतरून पुरेसा माल उचलतं तेव्हा व्यापाऱ्यालाही बोली वाढवावी लागते. सरकार उशिरा उतरलं किंवा थोडाच माल उचलला, तर जाहीर भाव वर्तमानपत्रात राहतो आणि सौदा पट्टीवरच्या भावाने होतो.

२०२४-२५च्या हंगामात राज्यात हमीभावाने अकरा लाख टनांहून जास्त सोयाबीन खरेदी झालं. सोयाबीनची एवढी सरकारी खरेदी आपल्याकडे पूर्वी झाली नव्हती, आणि मुदत जानेवारीत संपणार होती ती वाढवत ६ फेब्रुवारीपर्यंत नेली. तरी राज्याच्या एकूण पिकाचा तो पाचवा-सहावा हिस्सा असेल. राहिलेला माल बाजारभावानेच विकला गेला. तुमचा त्यातच होता.

हा भाव ठरवतं कोण?

कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्राचं मंत्रिमंडळ शिक्कामोर्तब करतं. आयोग १९६५ साली कृषी मूल्य आयोग या नावाने सुरू झाला आणि १९८५मध्ये त्याचं नाव बदललं. बावीस पिकांचा हमीभाव जाहीर होतो. उसाचा कायद्याने बांधलेला किमान दर, म्हणजे एफआरपी, वेगळा असतो, त्याकडे पुढे येऊ.

खरिपाचे भाव पेरणीच्या तोंडावर जाहीर होतात. २०२४ साली ते १९ जूनला जाहीर झाले. तोवर आपल्याकडे बियाण्याच्या बॅगा घरात येऊन पडलेल्या होत्या आणि काहींची पेरणीही उरकली होती. ‘हमीभाव बघून पेरा ठरवा’ असं भाषणात कुणी सांगितलं की मला ही तारीख आठवते. २०२५मध्ये मात्र २८ मेलाच भाव आले, ते बरं झालं.

दीडपट म्हणतात, ते कशाच्या दीडपट?

सगळा वाद इथेच आहे, म्हणून थोडं सावकाश पाहू.

आयोग खर्च तीन थरांत मोजतो. पहिला थर खिशातून गेलेल्या पैशाचा : बियाणं, खत, फवारणी, ट्रॅक्टर, मजुरी, डिझेल. त्याला ए-टू म्हणतात. घरच्या माणसांनी केलेल्या कामाची मजुरी त्यात धरली की तो ए-टू अधिक एफएल होतो. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज चढवलं की सी-टू. २०१८-१९पासून सरकार जी दीडपट देतं ती मधल्या थरावर. २०२४-२५मध्ये सोयाबीनचा हा खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरला होता. त्याच्या दीडपटीला रुपया पूर्ण केला की ४,८९२ येतात. २०२५-२६मध्ये ३,५५२ धरला आणि भाव ५,३२८ झाला.

दीडपटीची मूळ शिफारस स्वामिनाथन आयोगाची. शेतकरी संघटना सी-टूवर दीडपट मागतात. ‘स्वामिनाथन लागू झाला’ आणि ‘स्वामिनाथन लागू नाही’ ही दोन्ही वाक्यं तुम्ही एकाच आठवड्यात ऐकता त्याचं कारण हेच. दोघं वेगवेगळ्या थरावरून बोलत असतात.

माझा खर्च त्या ३,२६१मध्ये कधीच बसत नाही. आकडा खोटा आहे का?

खोटा नाही, पण तो तुमचा नाही. तो सगळ्या देशाचा सरासरी आकडा आहे. खर्च एकरी होतो आणि भाव क्विंटलला मिळतो, त्यामुळे खरा फरक उताऱ्याने पडतो.

समजा, नांगरटीपासून मळणीपर्यंत एकरी वीस हजार लागले. आठ क्विंटल उतारा आला तर क्विंटलला अडीच हजार पडले. शेंग भरायच्या वेळी पावसाने तीन आठवडे दडी मारली आणि उतारा पाचवर आला, तर तेच सोयाबीन क्विंटलला चार हजाराला पडलं. वीस हजारांतला एक रुपया कमी झाला नाही. दीडपट त्या तीन आठवड्यांनी खाल्ली. कोरडवाहू मराठवाड्यात असं दर दोन-तीन वर्षांनी होतं. हमीभाव पडत्या भावापासून थोडाफार वाचवतो, पडत्या उताऱ्यापासून अजिबात वाचवत नाही. त्यासाठी विमा आहे, आणि विम्याच्या तक्रारी ऐकायला वेगळं टेबल लागेल.

हमीभाव खरेदी केंद्रावर माल देणं खरंच परवडतं का? हिशेब मांडून दाखवा.

दाखवतो. आकडे धरलेले आहेत, पण २०२४मध्ये आमच्या काट्यावर दिसलेल्या चित्राच्या जवळचे आहेत.

पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर सोयाबीन. मळणी होऊन ४० क्विंटल निघालं. मॉइश्चर १६ टक्के. दिवाळी पंधरा दिवसांवर. कृषी सेवा केंद्राची साठ हजार उधारी आहे आणि हरभऱ्याचं बियाणं आणायचं आहे.

पहिला रस्ता : खळ्यावरून थेट आडतीत. कोरड्या मालाला ४,१०० चालू आहे. ओल्या मालाला व्यापारी कट लावून ३,८५० देतो. चाळीस क्विंटलचे १,५४,००० रुपये संध्याकाळपर्यंत हातात.

दुसरा रस्ता : वाळवून केंद्रावर. सोळावरून बारावर आणताना नुसतं पाणीच जातं, पण वजनही घटतं. चाळीस क्विंटलमध्ये कोरडा भाग ३३.६ क्विंटल आहे. तो ८८ टक्के धरला की हातात ३८.१८ क्विंटल माल राहतो. म्हणजे पावणेदोन क्विंटलहून थोडं जास्त उन्हात गेलं. हे गणित पुष्कळ जण विसरतात आणि घरच्या वजनात व केंद्राच्या वजनात फरक पडला की काट्यावर संशय घेतात.

सगळा ३८ क्विंटल केंद्र घेत नाही. जिल्ह्याची हेक्टरी उत्पादकता ठरलेली असते आणि सातबाऱ्यावरच्या क्षेत्राप्रमाणे तेवढाच माल घेता येतो. ती १४ क्विंटल धरली तर दोन हेक्टरला २८ क्विंटल. त्याचे ४,८९२ने १,३६,९७६ रुपये. उरलेला १०.१८ क्विंटल कोरडा माल आडतीत ४,१००ने गेला, त्याचे ४१,७३८. दोन्ही मिळून १,७८,७१४. वाळवणं, चाळणी, भाडं, हमाली यांचे केंद्राच्या मालाला क्विंटलमागे दीडशे धरले की ४,२०० गेले. आता दिवस मोजा. नोंदणी ऑक्टोबरमध्ये, ‘माल आणा’ हा मेसेज डिसेंबरमध्ये, पैसे जानेवारीत. तीन महिने ती साठ हजारांची उधारी महिना दोन टक्क्यांनी चालली तर ३,६०० व्याज. हातात राहिले १,७०,९१४.

पहिल्या रस्त्यापेक्षा सतरा हजार जास्त. परवडतं, यात शंका नाही. पण कोरड्या मालाला क्विंटलमागे पडले ४,४७७, जाहीर झालेले ४,८९२ नव्हेत. आणि हे सतरा हजार ज्याला जानेवारीपर्यंत थांबता येतं त्याचेच. ज्याच्या दारात उधारीवाला दिवाळीआधी उभा राहतो, तो खळ्यावरूनच विकतो. आमच्या यादीत नोंदणी करून मेसेज आल्यावरही न आलेली नावं कितीतरी असतात. फोन केला की उत्तर एकच, ‘माल कवाच गेला.’

मॉइश्चर बाराच का? चौदाला काय बिघडतं?

सोयाबीन तेलाचं दाणं आहे. बाराच्या वर ओल असली की गोदामात थप्पीच्या आत ते तापतं, बुरशी धरतं आणि तेलातली आम्लता वाढते. प्लांटवाला ते मोजतो आणि भाव पाडतो. म्हणजे अट वेडगळ नाही. आपल्याकडची अडचण अशी की काढणीच्या वेळीच परतीचा पाऊस येतो.

२०२४मध्ये केंद्र सरकारने १५ नोव्हेंबरला ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं, हेही जाता जाता लक्षात घ्या. तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि अडलेल्यांचा माल विकलेला होता.

मीटरबद्दल एक सांगतो. सकाळी दव असताना आणलेलं पोतं जास्त दाखवतं. ताडपत्रीवर दोन दिवस पातळ थर पसरून, मधून पायाने उलथून, दुपारी तीनच्या सुमारास भरलेला माल सहसा पास होतो. घरी मीटर नसेल तर दाणा दाताखाली धरा. कट्कन फुटला तर बरा, दबला तर आणखी एक दिवस ऊन द्या. आणि पोतं वरून सुकं, आत ओलं असेल तर नमुन्याची नळी मधूनच माल काढते. तिथे कुणाचं काही चालत नाही.

सोयाबीनचा बाजारभाव हमीभावाखाली जातोच का?

सोयाबीन आपण खात नाही, ते गाळलं जातं. एका क्विंटलमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. म्हणजे प्लांटवाला भाव काढतो तो तेल आणि पेंडीवरून. समजा कच्चं तेल किलोला ९८ आणि पेंड ३४. तेलाचे १,७६४ आणि पेंडीचे २,७२० मिळून ४,४८४ झाले. गाळप, वाहतूक आणि त्याचा नफा यांचे तीनशे काढले की तो ४,२००च्या खालीच बोली लावणार. हमीभाव कितीही असो, प्लांट घाट्यात गाळणार नाही.

आता हे दोन आकडे ठरतात कुठे? तेलाचा भाव आयातीवर चालतो आणि आयातीची किल्ली सरकारच्या हातात आहे. सप्टेंबर २०२४मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क अधिभार धरून साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. मे २०२५च्या अखेरीस ते साडेसोळावर उतरवलं. पेंडीला परदेशात ब्राझील-अर्जेंटिनाशी टक्कर आहे. घरात इथेनॉल कारखान्यांतून मका-तांदळाचा सुका चोथा कोंबडीखाद्याला स्वस्तात मिळू लागला, त्यानेही पेंडीची जागा खाल्ली.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. तेलावरच्या शुल्काचा कागद सोयाबीनवाल्याने हमीभावाच्या कागदाइतकाच नीट वाचावा. एका हाताने हमीभाव चारशे-पाचशेने वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने शुल्क उतरवायचं, हे एकाच वर्षात झालेलं आपण पाहिलं आहे.

हमीभाव वाढला म्हणूनच सोयाबीनचा पेरा एवढा वाढला ना?

असं वाटतं, पण आकडे उलटं सांगतात. २०१३-१४मध्ये सोयाबीनचा हमीभाव २,५६० होता. २०२४-२५मध्ये तो ४,८९२ झाला, म्हणजे दुपटीलाही थोडा कमी. त्याच काळात संकरित ज्वारीचा हमीभाव १,५००वरून ३,३७१वर गेला, सव्वादोन पटीच्या जवळपास. जाहीर भावाने पेरा हलत असता तर आपल्या शिवारात आज खरीप ज्वारी डोलत असती. ती दिसते का? ज्वारी आटली आणि सोयाबीन राज्यात पन्नास लाख हेक्टरांच्या घरात गेलं.

सोयाबीन वाढलं ते त्याच्या सोयीमुळे. शंभर-एक दिवसांत रान मोकळं होतं आणि ओलीवर हरभरा साधतो. कापसासारखी चार महिने वेचणी नाही. यंत्राने मळणी होते. हरणं-डुकरं असतातच, पण ज्वारीच्या कणसावर पाखरांचे थवे पडतात तसं इथे होत नाही. आणि मुख्य म्हणजे कोणत्याही दिवशी, कितीही माल न्या, बाजारात घेणारा उभा असतो. भाव पडेल, पण ‘घेत नाही’ असं कुणी म्हणत नाही. गावातला माणूस या शेवटच्या गोष्टीला फार किंमत देतो.

ज्वारीचं मात्र हमीभावानेच वाटोळं केलं असं म्हणता येईल, फक्त आडवळणाने. सरकारने हमीभावाने गहू आणि तांदूळ मनापासून उचलला आणि तोच रेशनवर नाममात्र दराने, २०२३पासून तर फुकट दिला. ज्वारी ताटातूनच गेली. ताटातून गेली म्हणून बाजारातून गेली, बाजारातून गेली म्हणून शिवारातून गेली. कडबा संपला, बैलं कमी झाली. पंजाबातल्या खरेदीने मराठवाड्यातल्या बांधापर्यंत केलेला हा बदल आहे, आणि आपल्या ज्वारीचा हमीभाव तेव्हाही दरवर्षी जाहीर होतच होता.

म्हणजे हमीभावाने पेरा बदलत नाही?

खात्रीची खरेदी मागे असली की बदलतो. पंजाब हे तांदूळ खाणारं राज्य नाही. १९६०च्या सुमारास तिथे दोन-अडीच लाख हेक्टर भात होता. आज तीस लाखांच्या वर आहे आणि भूजल पाताळात गेलं आहे. तिथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे की मंडीत नेलेला दाणा न् दाणा उचलला जाणार. तो भाव वाचत नाही, ही खात्री वाचतो.

आपल्याकडे या खात्रीचा जवळचा प्रयोग तुरीवर झाला आणि तो फसला. २०१५मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या पार गेली. २०१६मध्ये सरकारने तुरीचा हमीभाव बोनससह ४,६२५वरून ५,०५०वर नेला, ‘कडधान्य लावा’ म्हणून सांगितलं आणि त्याच वर्षी मोझांबिककडून पाच वर्षं तूर घेण्याचा करारही केला. २०१६चा पाऊस चांगला झाला. राज्यात वीस लाख टनांच्या आसपास तूर पिकली. बाजारभाव चार हजारांच्या खाली घसरला आणि सगळा माल केंद्रांकडे वळला. मग बारदाना संपला. गोदामं भरली. बाजार समित्यांच्या बाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, माणसं पोत्यांवर झोपली. २२ एप्रिल २०१७ला खरेदी बंद झाली आणि ओरड झाल्यावर बाजार हस्तक्षेप योजनेतून पुन्हा सुरू करावी लागली. पुणतांब्याचा शेतकरी संप त्याच जूनमधला. आयातीवर मर्यादा आली ऑगस्टमध्ये, तूर विकून झाल्यावर.

पेरणीला हमीभावाने हाक दिली, शेतकऱ्याने ओ दिली, आणि दारात माल आल्यावर पोतं नव्हतं. त्यानंतर आमच्याकडे ‘तुरीला यंदा हमीभाव चांगला आहे’ म्हटलं की म्हातारी माणसं नुसती हसतात.

उसाला हे सगळं का लागू होत नाही?

कारण उसाचा एफआरपी कायद्याने देणं आहे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत कारखान्याने पैसे द्यायचे, नाही दिले तर पंधरा टक्के व्याज. थकबाकी राहते, कारखाने पळवाटा काढतात, सगळं खरं. पण मागायला कायद्याचा आधार आहे आणि घेणाऱ्याचं नाव ठाऊक आहे. म्हणून टँकर चालू असलेल्या तालुक्यातही माणूस विहिरीला आडवे बोअर मारून दीड एकर ऊस राखतो आणि उरलेल्या कोरडवाहूत सोयाबीन टाकतो. त्याला अडाणी म्हणू नका. सगळ्या पिकांच्या भावाची खात्री तो आपल्या परीने मोजतो आणि पाणी तिकडे वळवतो.

हमीभावाखाली घेणाऱ्या व्यापाऱ्याला शिक्षा का करत नाहीत?

राज्याने २०१८मध्ये तसा प्रयत्न केला होता. हमीभावाखाली खरेदी केल्यास एक वर्ष कैद आणि पन्नास हजार दंड अशी तरतूद मंत्रिमंडळात आली. व्यापाऱ्यांनी सौदे थांबवले, आवक साचली, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. वर तेल-पेंडीचा हिशेब मांडला आहे तो पुन्हा पाहा. ४,२००ला परवडणारा माल ४,८९२ला घे म्हटलं तर तो घेणारच नाही, आणि न घेतल्याबद्दल कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. सरकार उरलेला सगळा माल उचलायला तयार असेल तरच अशा कायद्याला दात येतात.

मग भावांतर बरं का?

भावांतरात माल बाजारातच विकायचा आणि हमीभाव व सरासरी बाजारभाव यांतला फरक सरकारने खात्यावर टाकायचा. बारदाना नको, गोदाम नको, मेसेजची वाट नको. मध्य प्रदेशाने २०१७मध्ये आठ पिकांवर ते करून पाहिलं. फरक सरकार भरून देणार हे कळल्यावर काही बाजारांत बोलीच खाली आली. शिवाय फरक सरासरी भावावर मोजला जातो. तुमचा डागी माल सरासरीच्या खाली गेला तर तेवढा खड्डा तुमच्याकडेच राहतो. योजना संपल्यावर विकलेल्या मालाला काहीच नाही. पुढे मध्य प्रदेशाने २०२५मध्ये सोयाबीनसाठी ते पुन्हा आणलं.

महाराष्ट्राने २०२३च्या खरिपासाठी वेगळी वाट धरली. सोयाबीन-कापसाला हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. यात बोली बिघडत नाही आणि उतारा पडलेल्यालाही तेवढंच मिळतं, हा भाग मला आवडला. पण ते मागच्या हंगामाचे पैसे पुढच्या निवडणुकीच्या वर्षात आले. पेरणी ठरवताना कुणाच्याही हिशेबात ते नव्हते.

यंदा सोयाबीन मोडून तूर लावावी का? सरकार सगळी तूर घेणार म्हणतं.

२०२५च्या अर्थसंकल्पात तसं सांगितलं आहे. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी खरेदी संस्था नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची तूर, उडीद, मसूर चार वर्षं हवी तेवढी घेणार. २०२५-२६चा तुरीचा हमीभाव ८,००० होता. पण तुरीची विनाशुल्क आयातही २०२१पासून मुदतवाढ घेत चालूच राहिली, हे दुसऱ्या पारड्यात टाका. सलग तूर रान सहा-सात महिने अडवते, म्हणजे हरभरा गेला. भारी जमिनीत मर रोग आला की काहीच उरत नाही. मी स्वतः सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवतो. सोयाबीन दसऱ्याला निघतं आणि उधारी फिटते. तूर जानेवारीत येते तेव्हा घर अडलेलं नसतं, म्हणून केंद्राच्या मेसेजची वाट पाहता येते. आधीच्या हिशेबातले ते सतरा हजार कमावायची ताकद या ओळींतून येते.

मी रान बटईने केलं आहे. नोंदणी माझ्या नावाने होईल का?

नाही. सातबारा, त्यावरची ई-पीक पाहणी, आधार आणि बँक खातं हे सगळं एकाच नावावर जुळावं लागतं. बटईदाराचं नाव सातबाऱ्यावर नसतं. मालकाच्या नावाने नोंदणी केली तर पैसे मालकाच्या खात्यावर जातात आणि तो पुण्याला राहत असेल तर ई-पीक पाहणीचा फोटो काढायलाही त्याची परवानगी, त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी लागतो. मालक सरळ असेल तर पाहणीची मुदत सुरू होताच ती उरकून घ्या, आणि खात्यावर आलेले पैसे किती दिवसांत कसे वाटायचे ते वहीवर दोघांच्या सहीने लिहून ठेवा. २०२४मध्ये आमच्या टेबलासमोर एक माणूस तीस कट्टे घेऊन उभा होता. माल बाराला पास, चाळणी स्वच्छ, मेसेज आलेला. ई-पीक पाहणीत मालकाने मागच्या वर्षीसारखा कापूस नोंदवला होता. ते कट्टे त्याच टेम्पोने आडतीत गेले.